लग्नपत्रिकेचे तीन नमुने, प्रेसला पाठवलेला ईमेल आणि काही महिन्यांनंतरची पत्रिका

मुलीच्या लग्नाच्या 400 पत्रिका आम्ही साताऱ्यातील एका डिजिटल प्रेसकडून छापून घेतल्या. परवा विवाह नोंदणीच्या अर्जाला जोडण्यासाठी पत्रिकेची झेरॉक्स काढली, तेव्हा ‘आपले विनीत’खालची अगदी बारीक नावेसुद्धा स्वच्छ उमटलेली पाहून फार समाधान वाटले. मात्र त्याच पत्रिकेच्या घडीवर रंगाचे पापुद्रे सुटून पांढरी रेघ पडलेली दिसली, आणि प्रेसला फोन केला तर ‘कागदच तसा असतो’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या नात्यात पुढच्या हंगामात आणखी दोन लग्ने आहेत आणि सगळे याच प्रेसचा पत्ता विचारत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रेसने तीन नमुने व्हॉट्सॲपवर पाठवले होते. मजकूर आणि मांडणी एकच होती. पहिल्यात गडद मरून पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे होती. दुसऱ्यात हस्तिदंती कागदावर काठ आणि सगळा मजकूर मरून रंगात होता. तिसऱ्यात काठ व वधूवरांची नावे मरून आणि बाकीचा मजकूर काळा होता, पण त्यातला मरून जरा तपकिरीकडे झुकत होता. घरातल्या सगळ्यांचा कौल पहिल्या नमुन्याला होता, आणि मोबाईलवर तो उठून दिसत होता हे मलाही मान्य आहे. परंतु मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश देतो, तर कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे पडद्यावरची झळाळी छापील पत्रिकेत येत नाही. त्यातही सोनेरी रंग निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या या छपाईच्या चार रंगांच्या मिश्रणातून तयारच होत नाही. कागदावर तो पिवळसर तपकिरी उतरतो. खरी चमक हवी असेल तर फॉइल मारावे लागते आणि त्यासाठी ब्लॉक वेगळा करावा लागतो. त्याचा दर ऐकल्यावर पहिला नमुना मी बाजूला ठेवला, आणि त्याबद्दल आजही मला खेद नाही.

अक्षरांची स्पष्टता व्हॉट्सॲपवरच्या चित्रावरून ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. तिथे चित्र दाबून लहान केले जाते आणि तसे करताना रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा जास्त टाकून दिला जातो, म्हणून लाल अक्षरांच्या कडा काळ्या अक्षरांच्या कडांपेक्षा अधिक धूसर दिसतात. हा दोष छपाईचा नसून फाईलचा असतो. मी तिन्ही नमुन्यांची पीडीएफ मागवली आणि ती चौपट मोठी करून पाहिली. अक्षरे कितीही मोठी केली तरी कड रेखीव राहिली, तर मजकूर अक्षर म्हणूनच फाईलमध्ये आहे असे समजावे; कडेला चौकोनी पायऱ्या दिसल्या, तर त्याचे चित्र करून टाकलेले आहे आणि ते बारीक आकारात फाटणार.

एवढे पाहून झाल्यावर जो ईमेल पाठवला, तो जसाच्या तसा देत आहे.

‘नमस्कार. तिन्ही नमुने संगणकावर आणि पीडीएफमध्ये पाहिले. आम्ही तिसरा नमुना निवडत आहोत, मात्र त्यातील काठाचा व नावांचा मरून रंग दुसऱ्या नमुन्याप्रमाणे ठेवावा. तिसऱ्यातील मरूनमध्ये निळसर आणि काळ्या रंगाचे प्रमाण जास्त असल्याने तो तपकिरी दिसतो. बारीक मजकूर मरून रंगात नको. तो केवळ काळ्या एका रंगात छापावा, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नव्हे. दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्यात “कऱ्हाड” हे गावाचे नाव “कर्हाड” असे झाले आहे, ते दुरुस्त करावे. मुहूर्ताच्या वेळेतील आकडे मजकुरापेक्षा दोन पॉइंट मोठे करावेत. या बदलांनंतर ज्या कागदावर पत्रिका छापणार त्याच कागदावर एक प्रत काढून दाखवावी आणि ती आम्ही मंजूर केल्याशिवाय पुढील छपाई करू नये.’

एकाच रंगातल्या काळ्याचा आग्रह प्रेसवाल्यांना अनाठायी वाटला होता, म्हणून त्याचे कारण सांगतो. मरून अक्षर छापताना निदान तीन रंग एकमेकांवर बसवावे लागतात. त्यांतला एखादा 0.1 मिलिमीटर जरी सरकला, तरी मोठ्या नावात ते कळत नाही. परंतु 7 पॉइंटच्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपकाच जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो. तिथे गुलाबी कड सुटते, रफार शिरोरेषेला चिकटतो आणि ‘वि’वरची वेलांटी भरून जाते. देवनागरीत रेषेच्या वरचा सगळा कारभार असा नाजूक असतो. काळा एकटा छापला की सरकायला दुसरा रंगच नसतो. ‘कऱ्हाड’ची चूक मात्र वेगळ्या जातीची होती: प्रेसच्या जुन्या फाँटमधून मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेताना ‘ऱ्ह’मधला अर्धा र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसला होता. ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’, ‘गोऱ्हे’ असे शब्द ज्यांच्या पत्रिकेत असतील, त्यांनी ते शब्द आधी तपासावेत.

छापील नमुना प्रतीचे 200 रुपये वेगळे लावले, तेव्हा मला राग आला होता. तीन चित्रे फुकट आणि एका कागदाचे 200 रुपये, हा हिशेब पटत नव्हता. आता माझे मत बदलले आहे. ती प्रत आम्ही खिडकीशी दिवसाच्या उजेडात आणि मग हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली धरून पाहिली. दिव्याखाली मरून बराच लालसर वाटला, उजेडात तो नेमका हवा तसा होता. पडद्यावर हा फरक कळण्याची शक्यताच नव्हती, आणि 400 पत्रिका चुकीच्या रंगात छापून आल्या असत्या तर 200 रुपयांत भागले नसते.

छपाई नमुना प्रतीबरहुकूम आली. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवताना चारी कोपऱ्यांना लावलेले हळदकुंकू हस्तिदंती कागदावर छान खुलले. गडद मरूनवर कुंकू दिसलेच नसते. झेरॉक्सचा विचार तर निवडताना आमच्या मनातही नव्हता. एका परिचितांची पत्रिका गडद पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांची होती, तिची झेरॉक्स जवळजवळ संपूर्ण काळी आली आणि मुहूर्ताची तारीख वाचता येईना.

आता घडीबद्दल. काठाचा मरून पट्टा घडीवरून आडवा जातो आणि नेमका तिथेच तो तडकला आहे. डिजिटल छपाईत टोनर कागदात मुरत नाही, पृष्ठभागावर थर होऊन बसतो. जाड कागद नुसता दुमडला की तो थर मोडतो. त्यासाठी दुमडण्याआधी यंत्रावर क्रीझिंग करून खाच पाडावी लागते आणि घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घ्यावी लागते. प्रेसने पत्रिका हाताने दुमडून दिल्या. लग्नाच्या दिवसांत काही दिसले नाही. पत्रिका पुन्हापुन्हा उघडल्यावर रेघ पडली. हे काम प्रेसचे आहे, ग्राहकाने आठवण करून देण्याचे नाही, आणि ‘कागदच तसा असतो’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

रंग आणि अक्षरे यांसाठी मी या प्रेसला पाचपैकी साडेचार गुण देईन, घडीसाठी एक. नात्यातल्या दोन्ही घरांना पत्ता दिला आहे, आणि वरच्या ईमेलच्या शेवटी आणखी एक ओळ घालायला सांगितली आहे: ‘दुमडण्यापूर्वी क्रीझिंग करावे आणि नमुना प्रत दुमडूनच दाखवावी.’