पोहायला शिकतेय, सात महिने झाले, अजून हात मारत नाही

वय ४६, वजन ६४ किलो, मुक्काम बडोदा. पाण्याशी संबंध बादलीपुरता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, रस्त्यांवर मगरी दिसू लागल्या आणि आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं. पुराच्या पाण्यात पोहून कोणी कुठे जात नसतं, तेही मगरींच्या सोबतीनं, एवढं मलाही कळतं. पण त्या रात्री पायरीवर बसून पाण्याची जी भीती वाटली, ती काढायचीच असं ठरवलं.

आधी एका ‘पंधरा दिवसांत पोहा’ बॅचला पैसे घातले. दोन्ही दंडांना फुगे बांधले, कठडा धरायला लावला आणि पाय मारा म्हणाले. फुग्यांमुळे खांदे वर आणि पाय खाली, म्हणजे पाण्यात उभ्यानं सायकल चालवणं. सोळाव्या दिवशी फुगे काढले आणि मी होते तिथेच बुडाले.

गेल्या एप्रिलपासून दुसरीकडे, सकाळच्या लेडीज बॅचला जाते. इथले सर गुजराती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “बेन, पाण्यात तोंड घातल्यावर काय करता?” मी म्हटलं, श्वास धरून ठेवते. “बस, ए ज भूल,” म्हणाले. पुढचे तीन आठवडे मी कठडा धरून फक्त श्वास सोडत होते. कंटाळा इतका आला की घरी यांनी विचारलं, फी कसली भरतेस, बुडबुडे काढायची?

पण माझा सगळा घोळ तिथेच होता. श्वास धरला की काही सेकंदांत जीव घाबरतो, तो ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, तर आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो म्हणून. घाबरून मी डोकं वर काढायची आणि आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायला बघायची. जुनी हवा बाहेर गेलेलीच नाही, तर नवी जाणार कुठे? त्यातून गळ्यापर्यंतच्या पाण्यात छातीवर पाण्याचा दाब असतो, श्वास घेणं जमिनीवरच्यापेक्षा जडच जातं. मला वाटायचं, दम पुरत नाही. खरं तर दम सोडलेलाच नव्हता.

करायचं ते असं. तोंडानं श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातून ‘म्‌ऽऽ’ असा गुणगुणत सोडायचा. गुणगुणताना नाकातून हवा वाहत राहते, त्यामुळे पाणी आत येत नाही. मनात चार अंक होईपर्यंत सोडायचा, शेवटचा भाग जरा जोरात, मग तोंड वर आणि एका अंकात श्वास आत. बरोबर जमतंय का, हे ओळखायची खूण म्हणजे तोंड वर आल्यावर श्वास ओढावा लागत नाही, आपसूक आत येतो. धापा टाकाव्या लागल्या तर खाली हवा सोडली नाही असं समजा. पहिल्या आठवड्यात सलग पाचच जमायचे, तिसऱ्यात तीस.

एक ताकीद सरांनी आल्या-गेल्या सगळ्यांना दिली होती. जास्त वेळ पाण्याखाली राहता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं कार्बन डायऑक्साइड कमी होतो, घुसमट जाणवतच नाही आणि माणूस पाण्याखाली न कळत बेशुद्ध पडू शकतो.

मग तरंगणं. सरांनी चार फूट पाण्यात पूर्ण श्वास घेऊन तळाशी बसायला सांगितलं. बसताच येईना! पाणी वर ढकलतंय. सगळी हवा सोडली, तेव्हा कुठे हळूहळू खाली गेले. पूर्ण श्वासात आणि सोडलेल्या श्वासात माझ्या छातीत तीनेक लिटरचा फरक, आणि एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलोचा आधार. माझं तरंगणं-बुडणं एवढ्या तीन किलोंवर आहे हे कळलं, तेव्हा भीती अर्धी झाली. (आमच्यातल्या एक अंगानं भरलेल्या काकू हवा सोडूनही तळाला गेल्या नाहीत. त्यांचं वेगळं.)

इथे पंचाईत अशी की तरंगायला हवा आत हवी आणि जगायला ती सोडायला हवी. उताणं तरंगताना मी या पेचात महिनाभर अडकले होते. श्वास सोडला की गाल बुडायचे, मी दचकून मान उचलायची, मान उचलली की कंबर खाली, आणि नाकातोंडात पाणी. मान वर आली की पाय बुडतात, तराजूसारखं आहे ते. उपाय असा निघाला की छाती बरीचशी भरलेलीच ठेवायची, वरवरची थोडी हवा झटकन सोडायची आणि लगेच घ्यायची. शरीर जरा खाली जातं, पण पुढचा श्वास घेतला की तेवढंच वर येतं. मधला एक क्षण न हलता काढायचा, बस. कान पाण्यात, हनुवटी छताकडे, हात डोक्यामागे लांब. हात मागे नेले की वजन डोक्याकडे सरकतं आणि पाय थोडे वर येतात.

पाय पूर्ण आडवे येतील अशी आशा ठेवू नका. तरंगवणारी हवा छातीत असते आणि वजनाचा मध्य त्याच्या खाली, बेंबीच्या आसपास, त्यामुळे पाय झुकणारच. माझे बरेच झुकतात. माझा सडपातळ मुलगा तर जवळजवळ उभाच तरंगतो. त्याला पाय हळूहळू हलवत राहावं लागतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र उभं राहण्याचा. जूनमध्ये छातीएवढ्या पाण्यात पालथी तरंगत होते. उभं राहायचं म्हणून आधी डोकं वर काढलं. पाय मागे सटकले, पाणी प्यायले, पुन्हा डोकं, पुन्हा तेच. शेवटी काकूंनी हाताला धरून उभं केलं. खोली माझ्या छातीएवढी, तरी! दुसऱ्या दिवसापासून क्रम पाठ केला. गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचं, पावलं तळाला टेकली की मगच डोकं. उताणं असताना हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं, खुर्चीत बसल्यासारखं. हा भाग पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा होता, ही माझी सरांबद्दलची एकमेव तक्रार. उभं राहता येतं हे माहीत असलं की तरंगताना अंग आपोआप सैल पडतं.

ऑक्टोबरअखेरचा हिशेब द्यायचा तर उताणी पाच मिनिटं आरामात, पालथी भिंतीला रेटा देऊन सहा-सात मीटर सरकत जाते, मध्ये उताणी वळून श्वास घेते. खोल भागात अजून कठडा सोडत नाही. पुढच्या आठवड्यात हात शिकवणार म्हणतात.

सामानाचं थोडक्यात. गॉगल घ्याच, तळ दिसला की चेहरा पाण्यात घालायची भीती कमी होते. घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून पाहा, क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा. सुती कपडे नकोत, पाणी पिऊन जड होतात. नोज क्लिप मी घेतली होती, पण ती लावली की नाकातून सोडायची सवयच लागत नाही. दोनदाच वापरली आहे. दांडिया बाजारच्या आसपास कोणाला हवी असेल तर घेऊन जा.