दहा खोक्यांचं बिल दीडपट कसं झालं: मालवाहतुकीच्या बिलातली फसवणूक

वाहतूकदाराचं बिल बहुतेक ठिकाणी फक्त एकूण रक्कम बघून पास होतं. फसवणूक चालते ती नेमकी त्यामुळेच. आकड्यांनिशी एक प्रकार बघा.

माल होता दहा खोकी. प्रत्येक खोकं ५०×४०×३० सेंमी, काट्यावरचं वजन ११.२ किलो. आकारमानी वजन म्हणजे घनसेंमीतलं आकारमान भागिले ठरलेला भाजक. करारात हा भाजक ५००० होता, म्हणजे खोक्यामागे १२ किलो आणि एकूण १२० किलो. काट्यावरच्या वजनाहून हे जास्त, म्हणून भाडं यावरच. शंभर किलोच्या वरचा दर किलोमागे २२, त्याखाली २६. म्हणजे भाडं व्हायला हवं होतं २,६४०.

बिलात भाडं लागलं ३,९००. भाजक गुपचूप ४००० धरल्यामुळे खोकं १५ किलोचं झालं. शिवाय एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर गेलेला माल पाच-पाच खोक्यांच्या दोन डॉकेटवर, म्हणजे वाहतुकीच्या दोन पावत्यांवर, दाखवला होता. प्रत्येक डॉकेट ७५ किलोचं, त्यामुळे दोन्हींना खालच्या स्लॅबचा महाग दर लागला. इंधन अधिभार १५ टक्के, तोही या फुगलेल्या भाड्यावर: ३९६ ऐवजी ५८५. क्रेडिट नोट मागताना लोक फक्त भाड्यातला फरक मागतात आणि हे १८९ तसेच सोडून देतात. सोडू नका. करही फुगलेल्या रकमेवर लागला असेल, तर तोही त्यातच मागा.

पुढच्या महिन्यात त्याच मालाचं 'पुनर्वजन' म्हणून आणखी एक बिल आलं. डॉकेट क्रमांक तोच, फक्त शेवटी आर जोडलेला, आणि रक्कम फरकाची नाही तर पूर्ण! क्रमांक जसाच्या तसा जुळवून पाहिला तर हे दुबार बिल कधीच सापडत नाही. मूळ क्रमांक नऊ अंकी असेल तर एक्सेलमध्ये असं मोजा:

```
=COUNTIF(B:B,LEFT(B2,9)&"*")
```

उत्तर एकाहून जास्त आलं की दोन्ही बिलं शेजारी ठेवून वाचा. डॉकेट क्रमांकांचा B स्तंभ मजकूर स्वरूपात हवा. संख्या असेल तर `*` जुळत नाही आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. मागच्या महिन्यांची बिलंही याच यादीत हवीत, कारण दुबार बिल सहसा त्याच महिन्यात येत नाही.

पुनर्वजनाचा दावा खोडायला पुरावा लागतो तो माल निघण्याआधीचा. काट्यावरचा आकडा दिसेल असा एक फोटो आणि टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो, डॉकेट क्रमांकासह. फुगलेल्या खोक्याचं माप सर्वांत उंच जागी घेतलं जातं, हे मात्र वाहतूकदाराचं बरोबर असतं. तिथे भांडू नका, खोकं नीट भरा.

'हाताळणी', 'दुर्गम भाग' असे अधिभार दिसले की कराराच्या दरपत्रकात ती ओळ शोधा. नसेल, तर लेखी मंजुरी कोणी दिली ते विचारा. हरकत मुदतीत नोंदवा, डॉकेटवार नोंदवा, आणि करारात मुभा असेल तर वादातली रक्कम तेवढी रोखून बाकीची वेळेवर भरा. संपूर्ण बिल अडवलं की थकबाकीचं कारण दाखवून पुढचा माल उचलणं थांबवलं जातं आणि मूळ हरकत बाजूला पडते.