फोटोत बसवलेल्या व्यक्तीची उंची: क्षितिजरेषेवरून ठरवावी की दारावरून?

एका फोटोतली व्यक्ती दुसऱ्या फोटोत बसवताना तिची उंची ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू, म्हणजे दार, खुर्ची किंवा टेबल, मोजपट्टीसारखी वापरतात. दुसऱ्यात क्षितिजरेषा आणि कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची यांचा आधार घेतात. कोणता मार्ग घ्यावा, हे मुख्यतः व्यक्तीचे पाय चित्रात कुठे टेकणार आहेत यावर ठरते.

वस्तूचा मार्ग सोपा आहे. समजा, सपाट फरशीच्या एका सभागृहाच्या फोटोत २ मीटर उंचीचे दार ६०० पिक्सेल उंच दिसते. म्हणजे दाराजवळ १ मीटरला ३०० पिक्सेल पडतात आणि १.७० मीटर उंचीची व्यक्ती तिथे ५१० पिक्सेल उंच हवी. मात्र हे प्रमाण दार कॅमेऱ्यापासून जितके खोल आहे तेवढ्याच खोलीवर लागू पडते. व्यक्तीचे पाय दाराच्या खालच्या कडेच्या आडव्या रेषेत असतील तर एवढेच गणित पुरते. पाय त्याहून खाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ टेकले, की हेच प्रमाण व्यक्तीला बुटकी करते.

क्षितिजरेषेचा मार्ग ही अडचण दूर करतो, कारण सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरच छेदते, मग ती वस्तू जवळ असो वा लांब. बंदिस्त जागेत क्षितिज दिसत नाही, पण फरशीच्या समांतर कडा लांबवल्या की त्या ज्या लोपबिंदूत मिळतात, त्यातून जाणारी आडवी रेषा हेच क्षितिज असते. बाहेरच्या फोटोत डोंगराच्या माथ्याला क्षितिज समजण्याची चूक सहज होते. माथा बहुधा खऱ्या रेषेच्या वर असतो.

आता त्याच फोटोत दोन्ही मार्ग एकत्र वापरू. पिक्सेल वरून खाली मोजले तर दाराची खालची कड १४०० वर आहे आणि क्षितिजरेषा ९२० वर. म्हणजे क्षितिज दाराच्या तळापासून ४८० पिक्सेल वर आहे; दार ६०० पिक्सेलला २ मीटर, म्हणून कॅमेरा जमिनीपासून १.६० मीटरवर होता. व्यक्तीचे पाय १८८० वर ठेवायचे आहेत, म्हणजे क्षितिजाच्या ९६० पिक्सेल खाली. तिथे १.६० मीटरला ९६० पिक्सेल पडतात, म्हणून १.७० मीटरची व्यक्ती १०२० पिक्सेल उंच हवी आणि तिचे डोके ८६० वर, क्षितिजाच्या जरा वर पोहोचायला हवे. नुसत्या दाराच्या प्रमाणाने आपण तिला ५१० पिक्सेलची, म्हणजे बरोबर निम्मी केली असती.

निवड करताना चुका कुठून शिरतात हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वरच्या गणितात क्षितिज २० पिक्सेल खाली धरले गेले तर उत्तर सुमारे १०४२ येते, फरक जेमतेम दोन टक्के, कारण ती चूक दाराच्या आणि व्यक्तीच्या, दोन्ही मोजमापांत शिरून बरीचशी एकमेकींना मारते. दाराची खरी उंची २ ऐवजी २.१० मीटर निघाली, तर मात्र उत्तर ९७१ वर येते, म्हणजे चूक जवळपास पाच टक्क्यांची. कॅमेरा १.५० मीटरवर असेल असा नुसता अंदाज केला, तर उत्तर १०८८ येते आणि व्यक्ती ११ सेंटिमीटरने जास्त उंच दिसते. म्हणून कॅमेऱ्याची उंची मनाने न धरता फोटोतल्या वस्तूवरून काढावी, आणि ती वस्तू शक्य तितकी मोठी व खात्रीच्या मापाची असावी. फोटोत छोट्या दिसणाऱ्या वस्तूच्या कडेवर दोन पिक्सेलची गफलतही पुढे वाढत जाते.

दोन्ही मार्गांना एकच जमीन हवी. दार एखाद्या पायरीवर असेल, तर त्याची खालची कड व्यक्तीच्या पायाखालच्या जमिनीवर नसते आणि सगळे गणित सरकते. उतारावर तर क्षितिजरेषेचे साधे प्रमाण वापरूच नये. कॅमेरा खाली किंवा वर वळवलेला असल्यास उभ्या कडा एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. त्या आधी सरळ करून मगच मोजावे. कॅमेरा जमिनीच्या अगदी जवळ ठेवला असेल, तर पाय आणि क्षितिज यांतले अंतर इतके कमी असते की थोड्या चुकीनेही उंची बरीच बदलते. तिथे मी वस्तूवरच भिस्त ठेवीन आणि व्यक्ती त्या वस्तूच्याच रेषेत उभी करीन.

उत्तर तपासायला चित्रात आधीपासून असलेली, पाय दिसणारी उभी माणसे उपयोगी पडतात. क्षितिजरेषा त्यांच्यापैकी साधारण समान उंचीच्या सर्वांना शरीराच्या एकाच जागी, वरच्या उदाहरणात डोळ्यांच्या आसपास, छेदत असेल आणि नव्या व्यक्तीला तीच रेषा कंबरेवर छेदत असेल, तर ती व्यक्ती मोजली आहे त्यापेक्षा फार मोठी ठेवली गेली आहे. व्यक्तीचा मूळ फोटोही साधारण १.६० मीटरवरूनच काढलेला असावा. तो बराच उंचावरून काढला असेल, तर पिक्सेल अचूक जुळले तरी बुटांचा वरचा भाग आणि डोक्याचा माथा जास्त दिसतो, आणि तो फरक आकार बदलून भरून निघत नाही.