ट्रान्सक्रिप्शनचं जोडकाम: काही महिन्यांनंतरचा अनुभव आणि थांबायचं कधी याचा हिशेब

वेबसाइटवरून फाइली घेऊन, रेकॉर्डिंग ऐकून मजकूर टाइप करायचं हे काम सवडीनं करता येतं, ही जाहिरात खरी आहे. पैसेही बुडत नाहीत. गोम दराच्या मापात आहे. मोबदला रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर मिळतो, तुमच्या बसण्याच्या मिनिटांवर नाही.

समजा, कुठल्याही चलनात मिनिटाला 1 या दरानं तासाभराची फाइल घेतली, म्हणजे 60. एकच माणूस स्पष्ट बोलत असेल तर सरावलेल्या हातालाही साधारण 4 तास लागतात, म्हणजे तासाला 15 पडले. आता तेवढ्याच लांबीची बैठक घ्या. चार जण एकमेकांचं बोलणं तोडताहेत, माइक लांब आहे. तिथे टायपिंगलाच 7 तास जातात. तपासणीतून परत आलेल्या दुरुस्त्यांना 1 तास, आणि बरी फाइल सापडेपर्यंत यादी चाळण्यात आणखी 1. पैसे काढताना 10 टक्के कापले गेले तर हातात 54 येतात आणि वेळ गेला 9 तास. तासाला 6! बहुतेक जण शेवटचे 2 तास धरतच नाहीत, म्हणून काम परवडतंय असं वाटत राहतं.

एवढ्यावरून लगेच सोडू नये. सुरुवातीला वेग वाढत असतो. म्हणून प्रत्येक फाइलसाठी एकूण लागलेली मिनिटं भागिले रेकॉर्डिंगची मिनिटं, एवढा एकच आकडा वहीत लिहावा. वरच्या बैठकीचा तो 9 येतो. सारख्याच प्रतीच्या फाइलींवर हा आकडा उतरत असेल तर थोडं थांबणं योग्य. दोन महिने तिथेच अडकला असेल तर शिकण्यातून मिळायचं ते मिळून झालं. फूट पेडल किंवा नवा हेडफोन घेऊन तो फारसा हलत नाही, कारण वेळ खातं ते न कळलेलं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकणं.

यानंतर एकच चाचणी उरते. महिनाभर फक्त स्वच्छ, एक-दोन आवाजांच्या फाइली घ्यायच्या आणि तासाच्या कमाईचा किमान आकडा आधीच ठरवून ठेवायचा. तो नोकरीच्या पगारावरून काढू नका. याच मोकळ्या तासांत प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या दुसऱ्या कामावरून काढा. पर्याय नसेल तर त्या वेळेची झोप तुम्ही कितीला विकाल, तेवढा. महिनाअखेर कमाई त्या आकड्याखालीच राहिली तर सोडावं. तासाची कमाई सुधारली पण फाइलीच मिळेनात, तर यादीतलं बरं काम इतर उचलताहेत आणि तुमच्या वाट्याला गाळ येतोय. मगही सोडावं. मिळवलेलं रेटिंग वाया जाईल हा विचार इथे हमखास आडवा येतो, पण रेटिंगनं दर वाढत नसेल तर ते धरून काय करायचं?

सोडताना क्रम महत्त्वाचा. आधी नवीन फाइली घेणं बंद, मग हातातल्या पूर्ण, दुरुस्तीची मुदत उलटेपर्यंत वाट. पैसे काढायची किमान मर्यादा असेल तर शिल्लक तिच्या खाली अडकणार नाही एवढं काम आधीच करून घ्या. खातं बंद करण्यापूर्वी मिळकतीचे सगळे तपशील उतरवून घ्या. कराच्या वेळी लागतात आणि नंतर तिथे लॉगिन होत नाही.