अभिवृत्ती मापनी की निरीक्षणाची वही?

मालवणकडच्या आमच्या शाळेत सातवीची स्वच्छतेविषयीची आस्था तपासायची होती. आधी पाच बिंदूंची लिकर्ट मापनी दिली, म्हणजे प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाचांपैकी एक खूण करायची. ‘किनारा स्वच्छ ठेवणं माझं काम आहे’ याला बहुतेकांचं ‘पूर्ण सहमत’, म्हणजे 5 गुण. पण ‘कचरा उचलणं फक्त ग्रामपंचायतीचं काम’ यालाही काहींचं तेच! उलट विधानाचे गुण फिरवायचे असतात, तिथे ‘पूर्ण सहमत’ला 1. दोन्हीकडे ‘पूर्ण सहमत’ दिसलं की समजायचं, पोराने बहुधा न वाचताच टिक केलीय. बाईंना खूश करणारी उत्तरं मात्र अशी पकडता येत नाहीत. नाव लिहायला लावलं नाही तर ती थोडी कमी होतात.

निरीक्षण वेळखाऊ. मी दिवसाला पाचच मुलं घेतली. घडलं ते एका रकान्यात, माझं मत दुसऱ्यात. एक नोंद अशी: ‘सुरूच्या बनात सहल. वेफर्सचं पाकीट वाऱ्याने उडालं. कुणी न सांगता एक मुलगी मागे धावली, पिशवीत टाकलं.’ भावात्मक क्षेत्राच्या, म्हणजे आवड-आस्थेच्या वाढीच्या पायऱ्यांत बघायचं तर, सांगितल्यावर उचललं तर तो प्रतिसाद. न सांगता, पुन्हापुन्हा दिसलं तर त्याच्या वरची पायरी, मूल्यन, म्हणजे ती गोष्ट मोलाची वाटणं. एका नोंदीवर काहीच ठरत नाही.

वर्गाचा कल बघायला मापनी ठीक. एकेका पोराबद्दल पालकांशी बोलायचं तर मी वहीच उघडते.