एकदाच भरणा की ऑटोपे: वीजबिलाच्या निमित्ताने

वीजबिल यूपीआयने दरमहा स्वतः भरताना रक्कम डोळ्यांसमोर असते आणि पिन टाकल्याखेरीज खात्यातून पैसा हलत नाही. मात्र तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी आपलीच असते. ऑटोपेमध्ये संमती पिन किंवा ओटीपी देऊन सुरुवातीलाच नोंदवली जाते आणि त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची प्रत्येक वजावट पिनशिवाय होते. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांना ही मर्यादा एक लाखाची आहे.

वीजबिल बदलते असल्याने नोंदणी करताना कमाल रक्कम ठरवावी लागते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. समजा, हिवाळ्यातले ९०० रुपयांचे बिल पाहून आपण २,००० ची मर्यादा ठेवली आणि मे महिन्यात बिल २,३४० आले, तर वजावट होत नाही, बिल थकते आणि विलंब आकार लागतो. उलट, मर्यादा उगाच १५,००० ठेवली, तर चुकीचे मोठे बिलही विनाअडथळा वळते होऊ शकते.

त्यावर उपाय म्हणजे वजावटीच्या किमान २४ तास आधी येणारी सूचना. तिच्यात कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि ती वाचून तेवढी एक वजावट किंवा संपूर्ण संमती रद्द करता येते. माझ्या मते हा एसएमएस न वाचणाऱ्याने बदलत्या बिलासाठी ऑटोपे घेऊ नये. एकदाच होणाऱ्या भरण्यात अशी पूर्वसूचना नसते, कारण पिन टाकण्याचा क्षण हाच तिथे विचाराचा क्षण असतो.