महागाईचा एकच दर की खर्चागणिक वेगळा? दीर्घकालीन संपत्ती-अंदाजासाठी तुलना

तीस-चाळीस वर्षांच्या आर्थिक अंदाजपत्रकात महागाई धरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत घरातील सर्व खर्चाला एकच सरासरी दर लावला जातो, तर दुसरीत दैनंदिन खर्च, वैद्यकीय खर्च आणि शिक्षण यांना स्वतंत्र दर देऊन प्रत्येकाचा रोखप्रवाह वेगळा मांडला जातो. निवड करताना दर किती अचूक आहे यापेक्षा तो किती वर्षे चालणार आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

एक काल्पनिक घर घेऊ. त्याचा आजचा वार्षिक खर्च १०० एकक असून त्यात ८५ दैनंदिन आणि १५ वैद्यकीय आहे. दैनंदिन खर्च दरवर्षी ५ टक्क्यांनी आणि वैद्यकीय ९ टक्क्यांनी वाढतो असे धरल्यास आजच्या प्रमाणांनुसार भारित सरासरी ५.६ टक्के येते. हे दर उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत.

| वर्षांनंतर | एकच दर (५.६ टक्के) | वेगळे दर | वेगळ्या दरांत वैद्यकीय वाटा |
|---|---|---|---|
| १० | १७२ | १७४ | २० टक्के |
| २० | २९७ | ३१० | २७ टक्के |
| ३० | ५१३ | ५६६ | ३५ टक्के |
| ४० | ८८४ | १,०७० | ४४ टक्के |

दहाव्या वर्षापर्यंतचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे, पण चाळिसाव्या वर्षी तोच सुमारे २१ टक्क्यांवर जातो. सरासरी काढताना वापरलेले ८५:१५ हे प्रमाण फक्त पहिल्या वर्षापुरते खरे असते. वेगाने वाढणारा खर्च एकूण खर्चातील आपला वाटा वाढवत जातो आणि त्यामुळे खरी सरासरीही दरवर्षी वर सरकते. एकच दर मात्र तिला जागच्या जागी धरून ठेवतो.

परताव्याशी तुलना केली की हा फरक अधिक ठळक दिसतो. गुंतवणुकीवर करोत्तर ८ टक्के मिळतील असे धरले, तर तिसाव्या वर्षाच्या दैनंदिन खर्चासाठी आज ३६.५ एकक बाजूला ठेवले तरी पुरतात, म्हणजे आजच्या ८५ च्या निम्म्याहूनही कमी. वैद्यकीय खर्चाचे मात्र उलटे होते: आजच्या १५ एककांच्या गरजेसाठी १९.८ लागतात, कारण तेथे महागाई परताव्याच्या पुढे धावते आणि वाट पाहिल्याने बोजा हलका होत नाही. म्हणूनच वेगळे दर घेतल्यावर ‘महागाई वजा जाता परतावा’ असा एकच आकडा सर्व खर्चांना लावू नये; परतावा महागाईसह धरावा आणि प्रत्येक खर्चही त्या-त्या वर्षाच्या भावाने मांडावा.

शिक्षणाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तो खर्च ठरलेल्या वर्षी सुरू होतो आणि ठरलेल्या वर्षी संपतो. आजचे ५० एकक वार्षिक शुल्क दहा वर्षांनी ५ टक्के दराने ८१, तर ८ टक्के दराने १०८ होते. फरक मोठा असला तरी तो मोजक्या वर्षांपुरता आहे. खरी चूक होते ती शिक्षणाचा दर सरासरीत मिसळल्याने, कारण मग शिक्षण संपल्यानंतरही तो दर उरलेल्या सर्व खर्चाला वर खेचत राहतो. इतर काही वेगळे केले नाही तरी शिक्षण तेवढे वेगळे काढावे, असे माझे मत आहे.

वेगळ्या दरांच्या पद्धतीतही दोन धोके आहेत. पहिला दुहेरी मोजणीचा. सर्वसाधारण महागाई निर्देशांकात वैद्यकीय आणि शिक्षण हे घटक बहुधा आधीच धरलेले असतात. त्यामुळे ५.६ टक्के हाच दर दैनंदिन खर्चाला लावून वर वैद्यकीय ९ टक्के वेगळे घेतले, तर तोच भार दोनदा पडतो. वैद्यकीय वाटा वजा करून उरलेला ५ टक्के दर दैनंदिन खर्चाला द्यावा.

दुसरा धोका उंच दर अखेरपर्यंत ताणण्याचा. हेच गणित साठ वर्षे चालू ठेवल्यास वैद्यकीय वाटा ६२ टक्क्यांवर जातो, आणि एखाद्या घराचा खर्च सरसकट असा होईल हे पटणारे नाही. पहिली पंधरा वर्षे ९ टक्के आणि पुढील पंधरा वर्षे ६ टक्के धरले, तर तिसाव्या वर्षीचा एकूण खर्च ५६६ ऐवजी ४९८ येतो, म्हणजे सरासरी दराच्या ५१३ पेक्षाही कमी. वेगळे दर घेतले की अंदाज आपोआप सावध होतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. शिवाय वयानुसार वाढणारी उपचारांची गरज ही दरवाढ नव्हे. ती दरात न कोंबता ठरावीक वयापासून मूळ रकमेत वाढ करून दाखवावी.

मुदत दहा वर्षांच्या आत असेल, तर एकच दर आणि शिक्षणाची स्वतंत्र नोंद एवढे पुरेसे आहे. निवृत्तीनंतरचा काळ हिशेबात येत असेल, तर वैद्यकीय खर्च वेगळा करणे आवश्यक मानावे. त्याहून बारीक विभागणीने फारसे हाती लागत नाही. तक्ता तयार झाल्यावर सर्व दर क्षणभर सारखे करून पाहावेत: उत्तर एकाच दराच्या तक्त्याशी तंतोतंत जुळले नाही, तर एखादा खर्च दोनदा धरला गेला आहे किंवा सुटला आहे.